पीएफच्या पासबुकातले तीन रकाने

पासबुक उघडलं की पहिला प्रश्न हमखास येतो: 'माझ्याकडून तीन हजार कापले, कंपनीचे मात्र साडेसतराशेच कसे?' तर सुरुवात तिथूनच करू.

समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 25,000 रुपये आहेत आणि कंपनी पूर्ण पगारावर पीएफ भरते. तुमचे 12 टक्के म्हणजे 3,000 पूर्णच्या पूर्ण तुमच्या हिश्श्यात जातात. कंपनीही 3,000 देते, पण त्यातून वेतनाच्या 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात. या भागाला 15,000 रुपयांच्या वेतनाची मर्यादा आहे, म्हणून ते 1,250 होतात. उरलेले 1,750 मालकाच्या हिश्श्यात. तेव्हा कंपनीने कमी भरलेलं नाही, फरक तिसऱ्या रकान्यात दिसतो. मात्र त्या पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नाही.

इथे एक चूक वारंवार होते. ज्यांचं पीएफ खातं 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच उघडलं आणि त्या वेळी पगार 15,000 च्या वर होता, ते पेन्शन योजनेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीचे सगळे 3,000 पीएफमध्येच जायला हवेत. तरीही पेन्शनच्या रकान्यात 1,250 दिसत असतील, तर लगेच कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागा. दर महिन्याला तेवढ्या रकमेवरचं व्याज बुडत असतं.

आता व्याज. ते महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण खात्यात जमा होतं वर्षातून एकदाच. जमा झालेल्या रकमेवर व्याज पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतं. मार्चच्या पगाराचा पीएफ एप्रिलमध्ये भरला जातो, त्याला 11 महिन्यांचं व्याज मिळतं. मेमध्ये भरलेल्याला 10, आणि असं करत मार्चमध्ये भरलेल्याला शून्य. बेरीज 66 महिने.

2024-25 चा दर 8.25 टक्के होता. वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या हिश्श्यात 1,20,000 आणि मालकाच्या हिश्श्यात 80,000 असतील, तर त्यावर 9,900 आणि 6,600. वर्षभराच्या भरण्यावर 3,000 गुणिले 66 करून, 12 ने भागून दर लावला की 1,361, आणि 1,750 चे 794. एकूण तुमच्या बाजूला 11,261, मालकाच्या बाजूला 7,394. तेही पैसे तुमचेच. वहीत हा हिशेब करा आणि `Int. Updated upto 31/03/2025` या ओळीशी ताडून पाहा. पैसे काढलेले नसतील आणि भरणा दरमहा वेळेवर झाला असेल, तर दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

ही ओळ बरेचदा काही महिने उशिरा येते, कारण दराला अर्थ मंत्रालयाची मान्यता लागते. त्याने नुकसान होत नाही, जमा 31 मार्चचीच धरतात. काळजीची गोष्ट वेगळीच आहे: मालकाने महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरणा केला का? म्हणून पासबुकात प्रत्येक भरण्याची तारीख पाहा. एखादा महिना गायब असेल, तर पगाराची स्लिप घेऊन आधी हिशेब खात्यात जा.