अक्षरांखालची जागा

आज मी एकच पत्रिका घेणार आहे, आणि तीही बिघडलेली. एका मैत्रिणीच्या लग्नासाठी मीच केलेली, त्यामुळे नावं ठेवायला मोकळीक आहे. पाच बाय सात इंच, उभी. मागे सायीसारखा रंग, डावीकडे वरच्या कोपऱ्यात आणि उजवीकडे खाली जलरंगातली फुलं, मध्ये मजकूर. पडद्यावर इतकी देखणी दिसत होती की मी तीन दिवस स्वतःवरच खूश होते. मग नवरदेवाच्या आजोबांनी ती हातात घेतली, नावं वाचली, तारीख वाचली आणि पत्त्यापाशी अडखळले. म्हणाले, "इथे पानं आहेत की अक्षरं?"

पत्ता खाली होता आणि खालच्या फुलांची पानं त्याच्या दोन ओळींखालून गेली होती. बहुतेक पत्रिका नेमक्या इथेच मार खातात. नावं मोठी असतात, ती कशावरही निभावतात. सगळ्यांत बारीक मजकूर, म्हणजे वेळ आणि स्थळ, खाली येतो आणि फुलांचा भारही आपल्याला तळालाच हवा असतो.

आधी थोडं मोजूया. कागदाचा रंग #FBF6EE, अक्षरांचा गडद मरून #5A1A2B. पडद्यावरच्या मजकुरासाठी वेबच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये कॉन्ट्रास्टचं एक गुणोत्तर आहे. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ लागतं. छपाईला हा नियम लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. रंगांचे कोड टाकले की गुणोत्तर सांगणारी साधनं फुकट मिळतात. माझा मरून साध्या कागदावर १२ च्या आसपास होता, म्हणजे चैनच. तोच मरून गुलाबी पाकळीवर, #C97B84 वर, ४.१ वर आला. आणि पानाच्या हिरव्यावर, #5F7358 वर, २.५. अक्षराचा रंग तोच, ओळही तीच, आणि एका शब्दात १२ वरून २.५. डोळ्यानं अडखळायचं नाही तर काय करायचं?

यावर पहिला उपाय सुचतो तो फुलं फिकी करण्याचा. तो मी केला, आणि पत्रिका आजारी दिसायला लागली. शिवाय वाचायला त्रास होतच होता, कारण अडचण फक्त रंगाची नव्हती. दहा पॉइंटचं अक्षर ३०० पीपीआयला साधारण ४२ पिक्सेलच्या चौकटीत बसतं आणि त्याची रेघ तीन-चार पिक्सेल जाडीची असते. जलरंगातल्या पानाची शीर किती जाड असते? तीन-चार पिक्सेलच. डोळा रेघा शोधत असतो आणि तेवढ्याच जाडीच्या रेघा त्याला मागच्या थरातही सापडतात. पान कितीही फिकं करा, शिरा शिरांसारख्याच दिसत राहतात. तेव्हा आजार दोन आहेत. एक उजेड-अंधाराचा आणि दुसरा बारीक तपशिलाचा. औषधंही वेगवेगळी.

देवनागरीत हा दुसरा आजार जरा जास्तच छळतो. आपल्या अक्षरांच्या वर-खाली मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार लटकलेले असतात. फुलाचा वळलेला तंतू बरोबर शिरोरेघेवर आला की वेलांटी वाटतो. हातकागदाच्या टेक्श्चरमध्ये जे गडद कण असतात, ते तर अनुस्वाराची हुबेहूब नक्कल करतात. माझ्या त्या पत्रिकेत 'सभागृहाचा मागचा भाग' असं लिहिलं होतं आणि एक कण नेमका 'भा'च्या डोक्यावर बसला होता. वाचून बघा काय होतं ते. लग्नाला मागच्या भांगेचं आमंत्रण!

आता थर कसे लावायचे ते बघू. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक जण चुकवतात, मीही चुकवला होता.

सगळ्यांत खाली ग्रेडिअंट. तो इतका हलका हवा की आहे हे कळू नये, पण काढला तर कागद सपाट वाटावा. मी वर #FBF6EE आणि खाली #F3E4DC घेतला. इथे एक खोच आहे. या दोन रंगांत हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये जेमतेम १८ पायऱ्यांचा फरक आहे. कार्डाची उंची २१०० पिक्सेल. म्हणजे एक पायरी साधारण ११७ पिक्सेलची, जवळपास एक सेंटीमीटर. चांगल्या पडद्यावर हे आडवे पट्टे दिसतात, विशेषतः मोकळ्या भागात. ग्रेडिअंट हळुवार केला तर ते जातील असं वाटतं, पण तो जितका हळुवार तितके पट्टे रुंद. ते मोडायला वर बारीक दाणा लागतो, एक-दोन टक्के नॉइज पुरतो. तेव्हा टेक्श्चर ही नुसती हौस नाही, ग्रेडिअंटचे पट्टे झाकण्याचं काम त्याच्याकडे आहे.

त्यावर फुलं, दोन खोलींवर. मागची फुलं मोठी, अंधुक, कमी ठळक. त्यांना मी १० ते १२ पिक्सेलचा ब्लर देते. आकडा कुठून आला? मघाशी म्हटलं ना, अक्षराची रेघ तीन-चार पिक्सेलची. ब्लर त्याच्या तिप्पट दिला की तेवढ्या जाडीची एकही रेघ मागे उरत नाही. रंग राहतो, शिरा जातात. पुढची फुलं मात्र धारदार ठेवायची, पण ती कोपऱ्यांतच, मजकुराच्या चौकटीबाहेर. पत्रिका फुलांची वाटते ती या धारदार कोपऱ्यांमुळे, मधला अंधुक भाग कोणी निरखत नाही. आणि प्रकाशाची दिशा सगळ्या फुलांची एकच ठेवा. वेगवेगळ्या संचांतली फुलं एकत्र केली की एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे पडते आणि चिकटवलेलं चित्र वाटतं.

फुलांवर येतो पडदा, म्हणजे मजकुराखालचा पांढुरका थर. इथे मी तीन वेळा चुकले. पहिल्यांदा पांढरा घेतला. सायीच्या रंगावर पांढरा म्हणजे धुकं पडल्यासारखं, पत्रिकेच्या मध्यात दुधाचा डाग. पडद्याचा रंग कागदाचाच हवा. आयड्रॉपरनं त्या जागेचा रंग उचला. दुसरी चूक 'ट्रान्स्परंट' निवडण्याची. काही ठिकाणी ट्रान्स्परंट म्हणजे पारदर्शक काळा असतो, त्यामुळे कडेला मळकट राखाडी झाक येते. दोन्ही टोकांना तोच रंग ठेवायचा, एका टोकाची ओपॅसिटी शून्य करायची, झालं.

तिसरी चूक मात्र मुरलेल्या लोकांच्याही हातून होते. गोल ग्रेडिअंट घ्यायचा, त्याचा मध्य मजकुराच्या मध्यावर ठेवायचा, आणि तो कडेकडे विरत जातो म्हणून खूश व्हायचं. पण विरायला सुरुवात मजकुराच्या आतच होते. ओळीच्या मध्यात पडदा ८० टक्के, ओळीच्या टोकाला ३०. म्हणजे प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द पुन्हा पानांत जातो. पूर्ण दाट भाग मजकुराच्या चौकटीपेक्षा थोडा मोठा असला पाहिजे आणि विरणं त्याच्या बाहेर सुरू झालं पाहिजे. विरायला जागाही ऐसपैस द्या, निदान ३०० पिक्सेल, म्हणजे एक इंच. त्याहून कमी दिली की पडद्याची कड दिसते. कड दिसली की माणसाला ती चौकट वाटते, आणि मग चौकटच आखलेली काय वाईट, असा प्रश्न येतो.

पडदा किती दाट? त्या हिरव्या पानावर ५० टक्के टाकला तर गुणोत्तर २.५ वरून ६ च्या आसपास गेलं, ८० टक्क्यांना ९ च्या पुढे. आकड्यापुरतं बघितलं तर पन्नास पुरतात. तरी मी पत्त्याखाली सत्तर घेतले, कारण तिथला टाइप सगळ्यांत बारीक होता. नावांखाली चाळीसच. पडदा सगळीकडे सारखा दाट असायला हवा असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि आता टेक्श्चर. हो, पडद्याच्या वर. सवयीनं आपण ते कागदाच्या लगेच वर टाकतो, मग त्यावर फुलं, मग पडदा. अशानं पडद्याखाली दाणा झाकला जातो, मध्यात गुळगुळीत प्लास्टिक आणि कडेला खरबरीत कागद असं विचित्र दिसतं. टेक्श्चर सगळ्यांच्या वर, फक्त मजकुराच्या खाली, मल्टिप्लाय मोडमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास. मग फुलं, पडदा, कागद सगळं एकाच पृष्ठभागावर रंगवल्यासारखं वाटतं. कागदाचा फोटो वापरत असाल तर आधी लेव्हल्समध्ये त्याचा सगळ्यांत उजळ भाग पांढरा करून घ्या. फोटोतला कागद करडाच असतो आणि मल्टिप्लाय तो करडेपणा सगळ्या कार्डावर ओततो. टेक्श्चर ताणून मोठं करू नका, कागदाच्या जागी भिंतीचा गिलावा दिसतो. मघाचे ते गडद कण मजकुराच्या भागातून हीलिंग ब्रशनं एकेक पुसा. कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटं लागतात. आणि छपाई खरोखरच्या खरबरीत कागदावर होणार असेल तर हा थर बंद करून फाइल द्या, खोट्या दाण्यावर खरा दाणा मळ दिसतो. अशा वेळी पट्टे मोडायला तो मघाचा एक-दोन टक्के नॉइज तेवढा राहू द्या.

तपासायला मी दोन गोष्टी करते. चित्र करड्या रंगात बदलून बघते, कारण मरून आणि हिरवा हे रंग म्हणून इतके वेगळे आहेत की डोळा फसतो. करड्यात दोन्ही जवळजवळ सारखे काळे दिसले की समजायचं. दुसरं, फोनवर बघते. पाच इंचांचं कार्ड फोनवर अडीच-पावणेतीन इंचांचं होतं, म्हणजे दहा पॉइंटचा मजकूर पाच पॉइंटच्या आसपास येतो. शिवाय मेसेजमधून पाठवताना चित्र दाबलं जातं, आणि बारीक दाण्याचे चौकोनी ठिपके होतात, तेही अक्षरांच्या कडेलाच. त्यासाठी मी एक वेगळी प्रत काढते, टेक्श्चर ८ टक्क्यांवर आणि पत्त्याचा टाइप दोन पॉइंट मोठा.

कोणीतरी मघाशी विचारलं, सोनेरी अक्षरांचं काय? सोनेरी म्हणून सहसा जो #C9A227 घेतात, तो सायीच्या कागदावर २.२५ भरतो. साध्या कागदावर, फूल नाही, पान नाही, तरी २.२५. #7A5C12 इतका खाली उतरवला की पावणेसहाच्या पुढे जातो, पण मग तो सोनेरी कमी आणि तपकिरी जास्त. मी सोनेरी रेघांना आणि फुलांच्या कडांना देते, मजकुराला देत नाही. खरं फॉइल लावणार असाल तर हा हिशोबच लागू नाही, कारण फॉइल उजेडाच्या कोनाप्रमाणे एका क्षणी झळाळतं आणि दुसऱ्या क्षणी काळं दिसतं. तिथे फक्त नावं, मोठ्या आकारात, आणि खालची जागा अगदी रिकामी. तिथे पडदाही नको, फुलंच दोन सेंटीमीटर मागे सरकवा.