गोदामातलं सोयाबीन आणि पावतीवरचं कर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

काढणीच्या दिवसांत बाजारात सोयाबीनची आवक वाढते आणि भाव पडतो, नेमकी तेव्हाच घरात पैशाची गरज असते. अशा वेळी माल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज काढता येतं. बाजार समित्यांमधून चालणाऱ्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. बँकाही गोदाम पावतीवर कर्ज देतात. पण बँक पावती पाहून थांबत नाही, ती माल तपासते. काय तपासते, ते आज पाहू.

समजा, तुम्ही 50 क्विंटल सोयाबीन आणलं आणि ओलावा 14 टक्के निघाला. म्हणजे 7 क्विंटल पाणी आणि 43 क्विंटल कोरडा माल. गोदामात पडून ओलावा 10 टक्क्यांवर आला, की वजन भरेल जेमतेम पावणेअठ्ठेचाळीस क्विंटल. सव्वादोन क्विंटल कुणी चोरलं नाही, ते उडून गेलं. भाव 4,000 रुपये धरला तर सुमारे 9,000 रुपयांची ही घट. शिवाय ओला माल थप्पीत तापतो, त्याला बुरशी लागते. बँकेला काही महिन्यांनंतर विकला जाणारा माल हवा असतो, म्हणून तिचा पहिला प्रश्न ओलाव्याचा असतो. हमीभाव खरेदीतही साधारण 12 टक्क्यांची मर्यादा असते. मळणीनंतर दोन उन्हं देऊनच माल आणा.

नमुना वरच्या पोत्यातून घेऊन भागत नाही. वरचा थर आधी वाळतो, खरी स्थिती मधल्या आणि खालच्या पोत्यांत कळते. म्हणून परखी वेगवेगळ्या थरांत घालतात आणि काडीकचरा, माती, डागी व तुटके दाणे वेगळे करून त्यांचं प्रमाण काढतात.

वजनाचा पुरावा म्हणजे काटापावती आणि पोत्यांची संख्या. तपासणीस थप्पीची लांबी, रुंदी, उंची मोजून पोती मोजतो आणि काही पोती पुन्हा तोलतो. बाहेरून भरलेली पण आतून पोकळ थप्पी, ही या धंद्यातली जुनी फसवणूक आहे. दुसरी, एकच माल दोन बँकांकडे गहाण. त्यावर उपाय म्हणून नोंदणीकृत गोदामांची पावती आता संगणकावर निघते आणि कर्जाचा बोजा तिथेच चढतो. बँकेच्या संमतीशिवाय तो माल हलत नाही.

तुमच्यासाठी एवढंच, की वजन होताना काट्यापाशी उभे राहा. पावतीवर वजन, ओलावा आणि प्रत लिहिली आहे का, ते वाचून मगच निघा. भाडं आणि व्याज रोज चढत असतं, त्यामुळे भाव वाढला की सगळा माल एकदम सोडवायची वाट पाहू नका. कर्जाचा काही भाग भरून तेवढीच पोती सोडता येतील का, हे कर्ज घेतानाच विचारून ठेवा.