हडंबा आला, बैठक पुढे गेली

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या महिलांसमोर केलेल्या बोलण्याचं संपादित रूप.)

तायांनो, मागच्या हंगामात एका गटाच्या सचिव ताईंनी मला मोबाईल दाखवला. बँकेचे साहेब कर्जाच्या कागदांसाठी बुधवारी 11 वाजता गावात येणार होते. मंगळवारी दुपारी हडंबेवाल्याचा, म्हणजे मळणीयंत्रवाल्याचा, फोन आला, "उद्या तुमच्या गंज्या काढून देतो, नाहीतर मग आठ दिवस नाही." आभाळ भरलेलं. हडंबा सोडून बैठकीला कोण बसणार? ताईंनी साहेबांसाठी हा निरोप लिहिला होता:

"नमस्कार साहेब, सर्वप्रथम मनापासून माफी मागते. तुम्हाला त्रास देते आहे याचं खूप वाईट वाटते. उद्या आपली बैठक होती, पण आमच्या सहा जणींचं सोयाबीन सोंगून पडलं आहे, हडंबेवाल्यानं उद्याचाच नंबर दिला, ढग आहेत, त्यात एकीच्या सासूची तब्येत बरी नाही. चूक आमचीच आहे. तुम्ही एवढ्या लांबून येता, खरंच सॉरी. राग मानू नका. परवा किंवा तुम्हाला जमेल तेव्हा या. पुन्हा एकदा क्षमा मागते."

मोजा. सहा ठिकाणी माफी आहे. आणि बैठक होणार नाही, हे वाक्य? ते कुठंच नाही! "बैठक होती, पण" एवढंच. साहेब मोटरसायकलवर असतील, मोबाईलच्या पडद्यावर वरच्या दोन ओळी दिसतील, आणि त्या दोन ओळींत नुसती माफी. पुढचं न वाचताच माणूस गावात येऊन उभा राहील. म्हणजे ज्याला त्रास होऊ नये म्हणून इतकं लिहिलं, त्यालाच चक्कर पडली.

मी ताईंना म्हटलं, आधी सासू काढा. त्या दचकल्या. अहो, निरोपातून! सासूबाईंचं दुखणं खरं होतं, पण बैठक थांबली ती मळणीमुळं. एक कारण दिलं की ते पटतं. चार दिली की समोरचा एकेक तपासत बसतो, मग म्हणतो, "पण सासू एकीचीच ना, बाकीच्या या की." मळणी काय असते हे साहेबांना सांगायला नको, तेही इकडचेच.

मग माफीकडे वळलो. एक ठेवली. बाकी पाच वाचून साहेबांना "असू द्या जी, काही हरकत नाही" असं समजावत बसावं लागलं असतं. तेही कामच झालं की. "चूक आमचीच" तर मुळीच नको. ढगांची चूक आपल्या अंगावर कशाला घ्यायची?

आता "परवा". आपल्या भाषेत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. शिवाय निरोप रात्री उशिरा उघडला तर "उद्या"ही सरकतो. म्हणून वार आणि तारीख लिहायची. "तुम्हाला जमेल तेव्हा या" हे आदराचं वाटतं, पण त्यात दिवस शोधायचं काम साहेबांच्या डोक्यावर पडतं. आपल्याला जमणारे दोन दिवस आधी बायकांना विचारून घ्या आणि तेच द्या. ताईंनी विचारलं, शुक्रवार आणि सोमवार निघाले.

पहिल्या झटक्यात ताईंनी इतकं छाटलं की उरलं, "बुधवारी जमत नाही. शुक्रवारी या." हे चालणार नाही, बाप्पा. हा हुकूम झाला. शेवटी असं ठरलं:

"नमस्कार साहेब. बुधवार 8 ऑक्टोबरची बैठक पुढे न्यावी लागते आहे, माफ करा. सोयाबीनची मळणी अचानक त्याच दिवशी आली. शुक्रवार 10 किंवा सोमवार 13, सकाळी 11, यांपैकी तुम्हाला कधी सोयीचं? सगळ्यांची पासबुकं आणि ठरावाची प्रत तयार ठेवते, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही."

आपुलकी कुठं आहे बघा. "कधी सोयीचं" यात आहे, आणि पासबुकांच्या वाक्यात तर जास्तच. साहेबांची पुढची खेप तरी सुकर व्हावी म्हणून ताई काहीतरी करणार आहेत, हे त्यातून कळतं. "खूप वाईट वाटते" यातून ते कळत नाही.

हे सगळं चालतं ते आदल्या दिवशी आणि पहिल्यांदा. साहेब गावच्या फाट्यावर पोचले असतील तर निरोप पाठवू नका, फोन लावा. तसंच तीच बैठक दुसऱ्यांदा हलवायची असेल तेव्हाही फोनच. आणि साहेब येऊन, थांबून परत गेले असतील तर तिथं माफी मोठीच मागावी, ती छाटायची नसते.

ताईंना पंधरा मिनिटांत उत्तर आलं: "शुक्रवार. 11 ऐवजी साडेअकरा करू." साहेबांनी अर्धा तास पुढे ढकलला आणि सॉरी एकदाही म्हटलं नाही. ताई हसल्या, म्हणाल्या, "पाहा जी, त्यायले तर काहीच वाटलं नाही!"