पहाटे तीनची जाग आणि रात्रीची गोळी

आज मी एकाच गोळीबद्दल बोलणार आहे. अल्प्राझोलाम. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, कदाचित उशाशीच, तिची स्ट्रिप असेल.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चौपन्न, शाळेत शिक्षिका. आई गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांना पहाटे तीनला टक्क जाग यायला लागली. संध्याकाळी झोप यायची, पण पहाटे डोळे उघडले की पुन्हा मिटायचे नाहीत. दवाखान्यात त्यांनी एवढंच सांगितलं, "डॉक्टर, झोप येत नाही." मिळाली अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम, रात्री एक. त्या पाचपर्यंत झोपू लागल्या. घरच्यांना वाटलं, सुटलो.

इथेच गाडी चुकीच्या रुळावर गेली. झोप लागायलाच उशीर होणं वेगळं, आणि लागलेली झोप पहाटे दोन-तीन तास आधी तुटून त्या वेळी मन सगळ्यात जड असणं वेगळं. हा दुसरा प्रकार नैराश्यात वारंवार दिसतो. नैराश्याचं निदान करताना आम्ही नऊ लक्षणं बघतो, त्यातलं झोप हे फक्त एक. बाईंचं वजन सहा किलो उतरलं होतं. आवडती मालिका लावून त्या भिंतीकडे बघत बसायच्या. "आईला आपण नीट सांभाळलं नाही" हे मनात सतत घोळायचं. पण तक्रार झोपेची होती, ती मिटली, आणि बाकीचं कुणी विचारलंच नाही. गोळीने आजार बरा केला नाही, त्याची एक खूण तेवढी पुसली.

दोन महिन्यांत ०.२५ पुरेना. शरीर या गोळीला सरावतं. मग ०.५ झाली. वर्षभराने १ मिलिग्रॅम, आणि ती वाढ कुणा डॉक्टरने केलेली नव्हती. जुनीच चिठ्ठी मेडिकलमध्ये चालत होती.

माझ्याकडे आल्या तेव्हा मुलगा म्हणाला, "आई आता संध्याकाळीही रडते." मी थांबलो. पहाटेची जाग असलेल्या नैराश्यात सकाळ वाईट जाते आणि संध्याकाळकडे माणूस थोडा हलका होतो. इथे उलटं होतं. चार-पाच वाजता छातीत धडधड, हात थरथरणं, उगाच भीती. आणि रात्री गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्मं होतं. रात्री दहाची गोळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत एक तृतीयांश उरते. म्हणजे शरीर रोज संध्याकाळी गोळी मागत होतं, आणि बाई समजत होत्या, "माझं मनच कमकुवत झालंय." त्यात दिवसभराची सुस्ती आणि विसरभोळेपणा. वर्गात मुलांची नावं आठवेनात, तेव्हा आपण निरुपयोगी झालो हा त्यांचा समज पक्का झाला. नैराश्याला गोळी असं खतपाणी घालते.

मी विचारलं, "जगणं नको वाटतं का?" त्या म्हणाल्या, "गोळ्या साठवून ठेवल्यात." हा प्रश्न विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याच दिवशी सगळ्या स्ट्रिपा मुलाच्या ताब्यात गेल्या आणि पुढे एका वेळी आठवड्याचीच गोळी मिळू लागली. (घरात कुणी असं बोललं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो.)

आम्ही अल्प्राझोलाम लगेच बंद केली नाही. इतक्या काळानंतर ती एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून इथे ऐकून कुणी आज रात्रीपासून गोळी फेकू नका. आधी नैराश्याचं औषध, एसिटालोप्राम, सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्त. त्या सुरुवातीच्या दिवसांत तीव्र निद्रानाशासाठी झोपेची गोळी थोडे दिवस दिली तर मी तिला चूक म्हणणार नाही. चूक होते ती फक्त तीच दिली तर, आणि थांबवायची तारीख न ठरवता दिली तर.

पाचव्या आठवड्यात बाई स्वतःहून म्हणाल्या, "काल भाजीला फोडणी दिली, वास छान वाटला." मन सावरायला लागल्यावरच आम्ही गोळी कमी करायला घेतली. दर दोन आठवड्यांनी ०.१२५, म्हणजे ०.२५ ची अर्धी. ०.२५ वर आलो तेव्हा चार रात्री झोप मोडली आणि त्या घाबरल्या, आजार परत आला म्हणून. मी विचारलं, "दिवसा मुलांत मन रमतं का? जेवण जातं का?" दोन्हीला हो. गोळी कमी केल्यावर लगेच सुरू होणारी आणि आठवडा-दोन आठवड्यांत ओसरणारी अस्वस्थता बहुतेक वेळा शरीराची सवय सुटण्याची असते. परतणारं नैराश्य हळूहळू येतं, आणि येताना आवड आणि भूक घेऊन जातं. आम्ही डोस वाढवला नाही, तीन आठवडे तिथेच थांबलो. पाचव्या रात्री त्या सकाळी सहापर्यंत झोपल्या.