गावाची पाणी योजना : सारांशाची चार पानं कशी वाचावीत

श्रोतेहो, नमस्कार. आजचं बोलणं खास करून पंचायतीच्या सदस्यांसाठी आहे. गावाला नळाने पाणी द्यायचं ठरलं की आधी व्यवहार्यता अहवाल तयार होतो. तो चांगला जाडजूड असतो. त्यात नकाशे असतात, तक्ते असतात, पाइपांच्या व्यासांच्या याद्या असतात. सदस्यांच्या हातात मात्र सहसा त्याचा चार पानी सारांश येतो आणि सही करायची ती त्यावरच. म्हणून या चार पानांत काय असलं पाहिजे आणि काय नसेल तर सही थांबवावी, हे एका नमुना गावाचा हिशोब मांडून सांगतो.

समजा, गावात आज 2000 माणसं आणि 400 घरं आहेत. पंपाचं आयुष्य साधारण 15 वर्षांचं, त्यामुळे योजना निदान तेवढ्या काळाचा विचार करून आखतात. वर्षाला दीड टक्का वाढ धरली तर 15 वर्षांनी लोकसंख्या 2500 होईल. माणशी रोज 55 लिटर धरले, तर 2500 माणसांना 1 लाख 37 हजार 500 लिटर लागतील. पण उपसलेलं सगळं पाणी नळापर्यंत पोचत नाही. सांधे गळतात, व्हॉल्व्ह झिरपतात, टाकी भरून वाहते. शंभरातले 15 लिटर असे वाटेत जातात असं धरलं, तर रोज उपसायला हवेत सुमारे 1 लाख 62 हजार लिटर. सारांशाच्या पहिल्या पानावर हा आकडा हवा आणि तो कसा आला ते दोन ओळीत हवं. नुसतं ‘मागणी पुरेशी धरली आहे’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य काहीच सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे पाणी येणार कुठून? सरकारी भाषेत याला उद्भव म्हणतात, आपण विहीर किंवा बोअर म्हणू. पाइप नव्या, टाकी नवी आणि नळ कोरडे, असं जिथे होतं तिथे बहुतेक वेळा दोष उद्भवाच्या हिशोबात निघतो. बोअर घेतल्या दिवशी मशीनवाला पाणी मोजून ‘इतके इंच लागलं’ असं सांगतो. ते मोजमाप खोटं नसतं, पण ते तासाभराचं असतं. कातळाच्या भेगांमध्ये साठलेलं पाणी हवेच्या दाबाने उसळून वर येतं. तो साठा एकदा उपसला की मग आजूबाजूच्या खडकातून पाझरत येणारं पाणीच उरतं, आणि आपली योजना त्याच पाझरावर चालणार असते. त्यात बोअर पावसाळा संपल्यावर लगेच घेतली असेल, तर भूजल वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीला असतं. म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी फुगलेला.

खरा आकडा मिळतो तो उन्हाळ्याच्या अखेरीस घेतलेल्या पंपिंग चाचणीतून. ती अशी करतात. सुरू करण्याआधी बोअरमधली पाण्याची पातळी दोरीला वजन बांधून किंवा पातळीमापकाने मोजतात. आपल्या नमुना बोअरमध्ये ती जमिनीपासून 12 मीटर खाली होती, असं समजू. मग पंप एकाच गतीने चालवत ठेवायचा. पाणी मोजायला 200 लिटरचा ड्रम पुरतो. ड्रम 36 सेकंदात भरला, तर ताशी 20 हजार लिटर पाणी येतंय. पातळी सुरुवातीला दर मिनिटाला, मग दर दहा मिनिटांनी आणि पुढे दर तासाला मोजून लिहायची. पाणी पाइपने लांब नेऊन सोडायचं. जवळच सोडलं तर तेच जमिनीत मुरून परत बोअरमध्ये येतं आणि बोअर आहे त्याहून चांगली दिसते. ही चूक फार वेळा होते. अशा चाचणीत गैरहेतू कुणाचाच नसतो, पण आकडा वाया जातो.

आपल्या बोअरमध्ये ताशी 20 हजारांच्या उपशाला पातळी तासाभरात 21 मीटरवर गेली, सहा तासांनी 27 मीटरवर. तोवर सगळं ठीक वाटत होतं. मग ती झपाट्याने घसरायला लागली आणि दहाव्या तासाला 41 मीटरवर आली. पंप 45 मीटरवर बसवलेला. पाण्याची धार तुटक पडायला लागली, मध्येच हवा येऊ लागली. म्हणजे वरच्या भेगा रिकाम्या झाल्या. पातळी पूर्ववत झाल्यावर दुसऱ्यांदा चाचणी घेतली, तेव्हा उपसा ताशी 9 हजार लिटर ठेवला. आता पातळी 30 मीटरवर येऊन ठरली आणि 24 तास तिथेच राहिली. पंप बंद केल्यावर 12 तासांत ती 14 मीटरपर्यंत वर आली. म्हणजे ही बोअर उन्हाळ्यात ताशी 9 हजार लिटरने 12 तास चालवावी आणि 12 तास भरू द्यावी. रोजचे 1 लाख 8 हजार लिटर.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. हवेत 1 लाख 62 हजार, मिळतात 1 लाख 8 हजार. एक तृतीयांश तूट. सारांशात हे ‘उद्भवाची क्षमता अंशतः अपुरी’ असं लिहिलेलं सापडतं आणि वाचणारा पुढे जातो. तेच माणशी लिटरमध्ये लिहिलं तर कुणीही थबकेल : गळती वजा जाता आजच्या लोकसंख्येला उन्हाळ्यात माणशी 46 लिटर, 15 वर्षांनी 37 लिटर. म्हणजे ठरवलेल्या 55 लिटरमधून माणशी एक मोठी बादली कमी. आणि तूट 15 वर्षांनी यायची नाही. आजच्या 2000 माणसांनाच गळती धरून 1 लाख 29 हजार लिटर उपसावे लागतात, त्यामुळे ती पहिल्याच उन्हाळ्यात दिसेल. सारांश लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तूट माणशी लिटरमध्ये लिहा आणि ती पहिल्या पानावर लिहा.

तूट भरून काढायला दुसरी बोअर हा साधा उपाय वाटतो. पण ती पहिलीच्या शेजारी घेतली तर दोन्ही एकाच भेगेतून ओढतात आणि दोन पंपांत मिळून एकाचंच पाणी येतं. म्हणून दुसऱ्या बोअरची चाचणी दोन्ही पंप एकदम चालवून घ्यायची. एकदम चालताना दोघींचं मिळून जे भरेल, तेच सारांशात धरायचं.

पाण्याच्या तपासणीबद्दल थोडक्यात. नमुना पंपिंग चाचणीच्या शेवटच्या तासात घ्या, पहिल्या तासात नको. उपसा वाढला की खोलवरचं पाणी येतं आणि त्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. मर्यादा लिटरमागे दीड मिलीग्रॅमची आहे. फ्लोराइड पाणी उकळून जात नाही, क्लोरिन टाकूनही जात नाही. म्हणून ते जास्त निघालं तर उद्भव बदलण्याची चर्चा तिथेच व्हायला हवी.

आता टाकीकडे येऊ. टाकीची जागा ठरते ती गावातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब नळावरून. आपल्या नमुन्यात टाकीचा तळ तिथल्या जमिनीपासून 15 मीटर उंच आहे. सगळ्यात उंचावरचं घर टाकीच्या जमिनीपेक्षा 4 मीटर वर आहे, म्हणजे राहिले 11. सकाळी सगळे नळ एकदम चालू असताना पाइपांच्या घर्षणात आणखी 4 मीटर जातात, म्हणजे राहिले 7. एकमजली घराच्या नळाला चांगली धार यायला साधारण 7 मीटर लागतातच. हिशोब इतका नेमका जुळलेला असताना कुणीतरी पुढे येऊन म्हणतं, माझी जागा फुकट घ्या, टाकी तिथे बांधा. जागा चांगली असते, देणाऱ्याचं मनही चांगलं असतं, पण ती 3 मीटर सखल असते. उंचावरच्या घराला मग 7 ऐवजी 4 मीटर दाब उरतो. तिथले लोक नळाला मोटर लावतात. मोटर पाइपमधून पाणी ओढते आणि पाइप रिकामा होतो, तेव्हा गळक्या सांध्यांमधून गटाराचं पाणी आत शिरतं. म्हणून सारांशात टाकीची जागा बदलली असल्याचा उल्लेख दिसला, तर एकच विचारा : आता शेवटच्या नळाला किती मीटर दाब राहिला?

राहिला रोजचा खर्च. इथे रकमेपेक्षा विजेचे युनिट बघा, कारण दर बदलत राहतात, युनिट सहसा बदलत नाहीत. पाणी 30 मीटर खोलीवरून उचलायचं, बोअरपासून टाकीची जमीन 25 मीटर वर, त्यावर टाकीचा तळ 15 मीटर, आणि पाइपमधलं घर्षण व टाकीतली पाण्याची उंची मिळून 10 मीटर. एकूण 80 मीटर. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज कामी लावतात असं धरलं, तर एका युनिटमध्ये 1000 लिटर पाणी साधारण 183 मीटर चढतं. त्यावरून आजच्या 1 लाख 29 हजार लिटरला रोज सुमारे 56 युनिट लागतात, महिन्याला 1700. 400 घरांत वाटले तर घरामागे सव्वाचार युनिट. हे कुणालाही जड नाही. पण शंभरातली 60 घरंच पाणीपट्टी भरत असतील, तर भरणाऱ्या प्रत्येक घरावर सात युनिटांचा भार पडतो. त्यावर पंपचालकाचा पगार आणि मोटर जळली तर लागणारी शिल्लक आलीच. सारांशात पाणीपट्टीचा आकडा ‘शंभर टक्के वसुली’ धरून काढलेला असेल, तर तो खोडून गेल्या तीन वर्षांच्या खऱ्या वसुलीवर काढून मागा. ही वसुली पंचायतीच्या दप्तरातच असते.

सारांशाचं शेवटचं पान शिफारशीचं. ‘योजना व्यवहार्य आहे’ एवढं एकच वाक्य तिथे असतं आणि सभेत टाळ्या पडतात. आपल्या नमुना गावासाठी ती शिफारस अशी लिहायला हवी : पहिल्या बोअरवर उन्हाळ्यात माणशी 46 लिटरच मिळतात. दुसरी बोअर घेऊन, उन्हाळ्याच्या अखेरीस दोन्ही पंप एकदम चालवून 24 तासांची चाचणी करावी. दोन्ही मिळून रोज 1 लाख 62 हजार लिटर निघाले, तर योजना पुढे न्यावी. तोवर टाकीचं काम सुरू करू नये आणि पाइप खरेदी करू नयेत. तेवढे निघाले नाहीत, तर लांबच्या उद्भवाचा पर्याय तपासावा आणि उंची व युनिटांचा हिशोब नव्याने करून पुन्हा सभेपुढे ठेवावा.