दही कळकतं ते कशामुळे?

[दृश्य: पितळी पातेल्याचा आतला काठ, अगदी जवळून]

बिनकल्हईच्या या पितळी पातेल्यात काल रात्री विरजण लावलं होतं. आता काठाकडे पाहा. दह्याची पातळी जिथे संपते, तिथे बारीक हिरवट कड उमटली आहे. दही कळकलं म्हणतात ते हेच.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दह्यातलं लॅक्टिक आम्ल एकट्याने तांबं फारसं विरघळवत नाही, त्याला हवेतल्या ऑक्सिजनची जोड लागते. म्हणून दही, हवा आणि धातू जिथे भेटतात, त्या काठावर हिरवा रंग आधी दिसतो. पण कड पुसून दही वाढू नका. तांबं आतही उतरलेलं असतं. असं दही पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. ते टाकूनच द्यावं.

दूध तर आंबट नसतं, मग ते चालेल? इथेच खरी फसगत होते. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरतं. पितळी भांड्यात तापवून तसंच ठेवलेलं दूध तांबं ओढून घेतं, आणि दिसायला मात्र पांढरंशुभ्र राहतं. तान्ह्या बाळांना असं दूध पाजणं आणि लहानग्यांचा यकृताचा जीवघेणा सिरॉसिस यांचा संबंध पुण्यातल्या मुलांच्या अभ्यासातून पुढे आला. १९८३ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाळाच्या दुधासाठी तांब्या-पितळेचं भांडं नकोच.

[दृश्य: कल्हई चालू आहे]

भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथील फिरवून कापसाने आतून सगळीकडे पसरायचं. हा कथलाचा पातळ थर दूध-दही आणि पितळ यांच्यात आड येतो. तो घासून झिजतो. चंदेरी थरातून पिवळा किंवा तांबूस ठिपका डोकावला, की त्या भांड्यात दूध-दही घालणं थांबवा. कल्हईवाल्याकडे शुद्ध कथलाचाच आग्रह धरा, त्यात शिसं मिसळलेलं नसावं.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगावर ऑक्साइडचं पातळ कवच असतं आणि ताज्या दुधापुढे ते टिकतं. त्यामुळे दूध तापवून लगेच दुसऱ्या भांड्यात ओतलं तर अडचण नाही. मात्र मीठ घातलेलं ताक रात्रभर ठेवलं, तर आम्ल आणि मीठ मिळून ते कवच कुरतडतात. आत करडे डाग पडतात, बारीक खड्डे दिसू लागतात. असं खड्डे पडलेलं भांडं दुधा-दह्यासाठी वापरू नये.

साठवणीला काचेचं किंवा चांगल्या स्टीलचं भांडं घ्या. स्टीलवर ३०४ हा आकडा कोरलेला असेल तर उत्तम, आंबट-खारट पदार्थांपुढे ते चांगलं टिकतं. दह्याला बिनरंगाचं मातीचं मडकंही छान. ते पाणी शोषतं, म्हणून दही घट्ट लागतं. मडकं साबणाने मात्र धुऊ नका, साबण मातीत मुरतो. गरम पाण्याने धुवा आणि उन्हात कोरडं होऊ द्या.