व्हिसासाठी नोकरीचा दाखला

नमस्कार श्रोतेहो. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामगारांच्या कागदपत्रांचं बघतो. आमच्याकडचे एक क्वालिटी इन्स्पेक्टर जर्मनीला लेकीकडे निघाले होते. "साहेब, दाखल्यात जरा मॅनेजर लिवा की, वजन पडंल," म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर इन्स्पेक्टर छापलंय, व्हिसाच्या फॉर्मवरही त्यांनी तेच भरलंय. दाखला हातात घेणारा अधिकारी आधी हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून बघतो.

खरी गफलत पगारात होते. त्यांचा बेसिक 25,000, भत्ते धरून 45,000. त्यातून पीएफचे 3,000 आणि व्यवसाय कराचे 200 कापले की बँकेत 41,800 जमा होतात. पण कंपनीच्या हिशेबी त्यांचं वर्षाचं पॅकेज 5 लाख 90 हजारांच्या घरात, कारण त्यात मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही मोजलेली. पॅकेजला बारानं भागलं तर महिना 49,000 च्या वर येतो. दाखल्यावर नुसता तो आकडा टाकला आणि बँक स्टेटमेंटवर 41,800 दिसले, की वरचे सात हजार गेले कुठं, हा प्रश्न येणारच. म्हणून मी लिहिलं, "एकूण मासिक पगार 45,000, कपातीनंतर हातात 41,800." पॅकेज लिहिलंच नाही. काही कारखान्यांत थोडा पगार रोखीनं देतात. तो दाखल्यात घालू नका, कारण बँकेत त्याचा मागमूस नसतो.

नोकरीच्या तारखेचंही तसंच. ऑगस्ट 2016 ला ते ट्रेनी म्हणून आले, एप्रिल 2018 ला कायम झाले, आणि पीएफ तेव्हापासूनचा. मी दोन्ही तारखा लिहिल्या. नुसतं 2016 लिहिलं असतं, तर पीएफच्या पासबुकाशी जुळलं नसतं.

रजेत मात्र मीच चुकलो होतो! अर्जातल्या 12 तारखेपासून रजा मंजूर लिहिली, आणि विमान होतं 10 च्या रात्री. म्हणजे कागदावर माणूस कामावर आणि प्रत्यक्षात फ्रँकफुर्टला. पत्र परत टाइप केलं: रजा 10 ते 25, मंजूर, आणि 26 ला कामावर हजर होणार. ही शेवटची ओळ सोडू नका. माणूस परत येईल का, ही अधिकाऱ्याची मुख्य शंका असते, आणि शेंगेन व्हिसा नाकारण्याच्या कारणांत तीही येते.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, ताज्या तारखेचं असावं. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर हवा. फोन येऊ शकतो, म्हणून ऑफिसात फोन उचलणाऱ्यालाही सांगून ठेवा. नाहीतर आमच्या गेटवरचे मामा म्हणायचे, "असं कोण न्हाई हितं!"